फ्रेममधला सीट नंबर

आमच्या गावात सध्या माझ्याएवढं कामाचं माणूस दुसरं कोणी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. फक्त सांगते.

झालं असं की दिवाळीच्या आधी चंद्रशेखर सरांना घरासाठी लोन हवं होतं आणि बँकेनं तीन वर्षांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न मागितले. सरांनी ते रिटर्न ज्या पिशवीत ठेवले होते, ती पिशवी सरांच्या मिसेसनी रद्दीत दिली. सर बिचारे डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, सर, पॅन नंबर सांगा आणि मोबाईल हातात धरा. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर गेले, सर पासवर्ड विसरले होते तो ओटीपी घेऊन बदलला, आणि आधी भरलेले रिटर्न जिथे दिसतात तिथून तिन्ही वर्षांच्या पावत्या उतरवून घेतल्या. वीस मिनिटं. ज्या माणसानं मला नववीत अंगठे धरून उभं केलं होतं, तो माणूस म्हणाला, "दीप्ती, तू तर कमाल केली."

त्या दिवसापासून माझी मान जरा वर झाली ती झालीच. गावातले लोक मला रस्त्यात थांबवू लागले. कोणाचं रेशन कार्ड, कोणाचा सातबारा. सेतू केंद्रवाली डिंपलताई तर माझ्याशी बोलेनाशी झाली.

म्हणून मंगळवारी बाबांनी जेवताना "माझा दहावीचा मार्कशीट नाई ना आता, जाऊ दे" असं म्हटलं, तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला.

आमच्या गावच्या पोलीस पाटलाची जागा रिकामी होती. जाहिरात निघाली होती. दहावी पास, गावचा रहिवासी, वय पंचवीस ते पंचेचाळीस. बाबा त्रेचाळीसचे. पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा वय निघून गेलेलं असेल. अर्ज तिरोड्याच्या प्रांत ऑफिसात शुक्रवारी पाच वाजेपर्यंत द्यायचा. आईनं बाकी सगळे कागद पिशवीत लावून ठेवले होते, फक्त मार्कशीट नव्हतं. ते चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कंपनीनं सिक्युरिटीच्या नोकरीसाठी ओरिजिनल म्हणून जमा करून घेतलं आणि नंतर मार्कशीटसकट कंपनीच गायब झाली.

"बाबा, जाऊ दे काऊन? तुमची लहानपणापासूनची इच्छा आहे."

"इच्छा आहे म्हणून कागद उगवते का?"

"उगवते," मी म्हटलं. "नव्वदनंतरच्या दहावीचे मार्कशीट डिजिलॉकरमध्ये आहेत. तुमची अठ्ठ्याण्णवची. फक्त सीट नंबर पाहिजे, वर्ष पाहिजे आणि महिना पाहिजे."

"सीट नंबर कोणाच्या लक्षात राह्यते का? सत्तावीस वर्ष झाले!"

"मग उद्या शाळेत जाऊन विचारू. रिझल्टचं रजिस्टर असते त्यांच्याकडे."

बाबा एकदम पाणी प्यायला उठले. पाण्याचा गडू त्यांच्या पुढ्यातच होता. "शाळेत कायले जातेस? शाळेत नको जाऊ," असं म्हणत ते अंगणात गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा फार हुशार होते, त्यामुळे मला काही कळलं नाही.

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. शाळेचे क्लार्क मुन्नालाल भाऊ बालाघाटला सासरी गेले होते. फोनवर म्हणाले, "सोमवारी ये बेटा. रजिस्टर कुलपात आहे. फिर डुप्लिकेट का फॉर्म भरना, पोलीस स्टेशनातून हरवल्याचा दाखला आणायचा, शाळेची सही, फी, अन मग नागपूरच्या बोर्डाला पाठवायचं. येतेच थोड्या दिवसात."

"भाऊ, शुक्रवारी पाच वाजता लास्ट आहे."

"तो फिर ऑनलाइन देख ले. सीट नंबर माहीत आहे ना?"

आलं पुन्हा तिथंच.

आई म्हणाली, पोलीस पाटील व्हायले निघालेला माणूस पहिली तक्रार आपलीच हरवल्याची देते, चांगली सुरुवात आहे. बाबा हसले नाहीत.

आता माझं डोकं कसं चालतं ते सांगते. आमच्या अकरावीच्या परीक्षेत माझ्या पुढे गुंजन मेश्राम बसते, कारण आडनाव आधी बघतात, मग नाव, आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नंबर लावतात. तिचं जी आणि माझं डी, मग मी पुढे असायला हवी असं तुम्ही म्हणाल. बरोबर. मी पुढे असते, ती मागे. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की बोर्डातही असंच असणार. बाबांचं नाव खेमराज मेश्राम, मग त्यांच्या आधी कोण? बाबांच्याच वर्गात, त्याच आडनावाचे, के अक्षरावरून सुरू होणारे आमच्या गावात एकच. केवलराम मेश्राम. राइस मिलवर काम करणारे केवलकाका.

आणि केवलकाकांचं मार्कशीट तर साऱ्या गावानं पाहिलं आहे. ते त्यांच्या समोरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली, काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं आहे. गावात दहावीचं मार्कशीट फ्रेम करून लावणारे ते एकटेच.

अडचण एकच होती. केवलकाका आणि बाबा आठ वर्षांपासून बोलत नव्हते. कारण कोणालाच माहीत नव्हतं. आणि दुसरी अडचण, म्हणजे अडचणी दोन होत्या, की पोलीस पाटलाच्या जागेसाठी केवलकाकाही अर्ज करत होते.

बुधवारी केवलकाका मिलवर गेल्याचं पाहून मी त्यांच्या घरी गेले. ललिताकाकू अंगणात धान वाळवत होत्या.

"जयभीम काकू."

"जयभीम. आज कशी वाट चुकली तू? तुझ्या बाबाले माहीत आहे का?"

"शाळेचा प्रोजेक्ट आहे काकू. गावातले शिकलेले लोक. मॅडम म्हणे, प्रेरणा घ्या. मी म्हटलं, आमच्या गावात प्रेरणा एकाच घरी टांगली आहे."

काकूंचा चेहरा असा फुलला की मला थोडं पाप लागल्यासारखं झालं. पण थोडंच. त्यांनी स्वतः स्टूल ठेवलं, फ्रेम काढली, पदरानं काच पुसली आणि माझ्या मांडीवर दिली. "आमच्या यायले पहिल्याच झटक्यात भेटली दहावी. तेव्हा अर्ध्या पोराइले नाई भेटली."

"वा," मी म्हटलं. "असाच फोटो काढू का? काच काढायला नको."

मोबाईलवर दोन फोटो काढले. सीट नंबर डाव्या बाजूला स्वच्छ दिसत होता. एक इंग्रजी अक्षर, सहा आकडे, शेवटी सत्तेचाळीस. त्याच्या शेजारच्या चौकटींवर केवलकाकांचा पोरवयातला पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता, केसांचा कोंबडा काढलेला. फोटो तिरका होता. मला वाटलं, हौस.

"काकू, हा फोटो इथे काऊन लावला?"

"त्यायलेच विचार. म्हणे, मार्कशीट कोणाचं ते समजलं पायजे."

नाव तर मार्कशीटवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. पण मी फ्रेम परत दिली, चहा प्याले, चिवडा खाल्ला, आणि उड्या मारत घरी आले.

सत्तेचाळीस अधिक एक, अठ्ठेचाळीस. संध्याकाळी बाबांचा मोबाईल घेतला. त्यांच्या आधारवर डिजिलॉकर उघडून दिलं, बोर्ड शोधलं, दहावीचं मार्कशीट निवडलं. सीट नंबर, वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, महिना मार्च. बटन दाबलं.

रेकॉर्ड सापडलं नाही.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख असायला पाहिजे होतं. नव्हतं.

मी एकोणपन्नास टाकून पाहिला. पन्नास टाकला. शेहेचाळीसही टाकला. काहीच नाही. तसं दुसऱ्याचा नंबर बरोबर लागला तरी त्याचं मार्कशीट आपल्याला मिळत नाही, आधारवरचं नाव जुळावं लागतं. म्हणून मी बिनधास्त टाकत होते. पण आपलंही मिळेना.

"सोड ना बापा आता," बाबा म्हणाले. "माझ्या नशिबात नाई. मी कोणाले दोष देत नाई." आणि ते मस्त शीळ घालत मोटर दुरुस्तीची पेटी आवरायला लागले. बाबा गावातल्या शेतांवरच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. नशीब फुटलेला माणूस शीळ घालतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

गुरुवारी सकाळी मी तो फोटो मोबाईलवर मोठा करून पाहत बसले. आकडा चुकून वाचला का? नाही. वर्ष? नाव? सगळं बरोबर. मग बोट फिरवत फिरवत खाली कोपऱ्यात आले. तिथं बारीक अक्षरात मार्कशीटची तारीख होती. महिना बारावा. डिसेंबर.

मार्चच्या परीक्षेचा रिझल्ट जूनमध्ये लागतो. बोर्ड कितीही आळशी असलं तरी डिसेंबरपर्यंत मार्कशीट लपवून ठेवणार नाही.

डिसेंबरात मार्कशीट कोणाला मिळतं? आमच्या वेळी फेरपरीक्षा जुलैत असते. पण आधी ती ऑक्टोबरात असायची. चंद्रशेखर सर नेहमी सांगतात, "आमच्या जमान्यात नापास पोरांची दिवाळी पण परीक्षेतच जायची."

मी वर पाहिलं. परीक्षेचा महिना ज्या चौकटीत असतो, नेमका तिथंच केवलकाकांचा कोंबडा होता.

मी इतकी जोरात हसले की आई बाहेर आली. मी काही सांगितलं नाही. बाबांना ओसरीवर गाठलं आणि म्हटलं, "बाबा, ओटीपी येईल, फक्त सांगा."

"आता काय नवीन?"

"काही नाही. नंबर अठ्ठेचाळीसच, एक छोटा बदल." आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, अगदी हळू, मी महिन्याच्या यादीत मार्चवरून बोट खाली नेलं आणि ऑक्टोबरवर ठेवलं.

बाबांनी पटकन मोबाईल ओढला. "तुले कोणी सांगितलं?"

"केवलकाकाच्या फोटोनं."

मोबाईल मी परत ओढला आणि बटन दाबलं. गोल गोल फिरलं. आणि आलं. मेश्राम खेमराज सुखदेव. ऑक्टोबर १९९८. पास. गणित, दीडशेपैकी चौपन्न.

"पास होण्यापुरते घेतले," मी म्हटलं. "वाया काही घालवले नाही तुम्ही."

बाबा पायरीवर बसले. मग आपणच बोलू लागले. मार्चमध्ये दोघंही गणितात उडाले होते. आबाला, म्हणजे माझ्या आजोबांना, सांगितलं की रिझल्ट राखून ठेवला आहे. दोघांनी मिळून अभ्यास केला, तिरोड्याला सेंटर होतं, एकामागं एक नंबर आला. पास झाल्यावर तलावाच्या पाळीवर बसून शपथ घेतली की ऑक्टोबरचं कोणाला सांगायचं नाही. मार्कशीट पेटीच्या तळाशी ठेवायचं, कोणाला दाखवायचं नाही.

"मग भांडण कशाचं?"

"अन मग आठ वर्षाआधी त्यानं घर बांधलं आणि मार्कशीट फ्रेम करून भितीवर लावली!" बाबांचा आवाज चढला. "मी म्हटलं, काऊन रे, आपलं का ठरलं होतं? तर म्हणे, मी फोटो चिकटवला ना त्याच्यावर. सारा गाव त्याले हुशार म्हणते अन मी गपचूप ऐकतो. बोललो तर दोघंही उघडे पडतो!"

आठ वर्षांचं भांडण हे होतं. मी पोट धरून हसले, आणि बाबा रागानं बघत असतानाच त्यांच्याही मिश्या हलल्या.

पण हसून झाल्यावर ते म्हणाले, "मी नाई देत अर्ज."

"आता कागद आहे ना!"

"म्हणूनच नाई देत. तिकडे खिडकीवर चार लोक उभे राह्यते, बाबू मोठ्यानं वाचते. उद्या सारा गाव म्हणन, खेमराज ऑक्टोबरवाला. पोलीस पाटील म्हणे!"

इथे मात्र मी हसले नाही. मी म्हटलं, "बाबा, जाहिरातीत दहावी पास लिहिलं आहे. कोणत्या महिन्यात ते नाही लिहिलं. तुम्ही पडून पुन्हा उठले, त्याचाच कागद आहे हा. मी नववीत सहामाहीला विज्ञानात पडले होते, तेव्हा तुम्ही काय म्हटलं होतं मला?"

"का म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं, मी तुझ्या आईला नाही सांगत. तेवढ्यानंच मला हिंमत आली होती. आता मीही कोणाला नाही सांगत. पण उद्या तुम्ही येता."

आई दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे. ती म्हणाली, "मले तर लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. सासऱ्यायनंच सांगितलं होतं." आणि ती आत निघून गेली. बाबांनी पिशवी उघडून कागद मोजायला घेतले.

शुक्रवारी तीन वाजता आम्ही प्रांत ऑफिसात होतो. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून डिजिलॉकरची प्रिंट काढली होती. बाबांनी ती पिशवीत उलटी धरली होती. आणि रांगेत आमच्या पुढे, पिशवी छातीशी धरून, केवलकाका.

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सुरुवात केली.

खिडकीतल्या मॅडमनी केवलकाकांचे कागद पाहिले आणि मार्कशीटवर थांबल्या. "हे काय केलं दादा? इथं तर कागद खरवडला आहे."

मी मान लांब करून पाहिलं. काका तो चिकटवलेला फोटो सोलून काढायला गेले होते. आठ वर्षांचा फेविकॉल. फोटोबरोबर कागदाची सालही निघाली होती, आणि महिन्याच्या जागी आता पांढरं, खरवडलेलं ठिगळ होतं.

"महिना काही दिसत नाही. असं खरवडलेलं मी कसं घेऊ? कोणी म्हणेल, मुद्दाम केलं. स्पष्ट प्रत आणा. पाचला खिडकी बंद होते."

"मॅडम, ओरिजिनल आहे हो!"

"म्हणूनच म्हणते. बाजूला व्हा, पुढचे."

काका बाजूला झाले. बाबा पुढे झाले. मॅडमनी प्रिंट पाहिली, मोबाईलवर डिजिलॉकर उघडून दाखवायला सांगितलं. मार्कशीट बोर्डानं दिलेल्या कागदांच्या यादीत आहे ना, आपण स्वतः काढून चढवलेला फोटो नाही ना, ते पाहिलं. "हे चालतं," त्या म्हणाल्या, "हे ओरिजिनलच्या बरोबरीचं." मग वाचलं, "ऑक्टोबर अठ्ठ्याण्णव," आणि शिक्का मारला. कोणी वळूनही पाहिलं नाही. मागचा माणूस तंबाखू मळत होता.

बाबांच्या हातात पोचपावती आली. आता घरी जायचं. केवलकाका व्हरांड्याच्या खांबाला टेकून ते ठिगळ बोटानं चोळत होते, जणू चोळून महिना परत येईल.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक उमेदवार कमी झाला तर कोणाले वाईट वाटते?"

"कोणाले?"

बाबा चप्पल घासत उभे राहिले. घड्याळात साडेतीन. चार पावलं गाडीकडे गेले, तीन परत आले. मग खांबाकडे न पाहता मोठ्यानं म्हणाले, "दीप्ती, त्याले विचार, आधारले जोडलेला मोबाईल आणला का त्यानं?"

काका म्हणाले, "दीप्ती, त्याले सांग, आणला."

"काका," मी म्हटलं, "सीट नंबर मला माहीत आहे."

"तुले कसा माहीत?"

"प्रेरणा घेतली होती." 

काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. व्हरांड्यातच खाली बसून मी त्यांचं खातं उघडलं. आधार नंबर, ओटीपी, सहा आकड्यांचा पिन ठेवायला लावला, तो त्यांनी आधी मोठ्यानं सांगितला म्हणून दुसरा ठेवायला लावला. नेट मध्येच गेलं. चार वाजून दहा मिनिटांनी महिन्याच्या यादीवर आले आणि विचारलं, "काका, मार्च टाकू?"

"टाक ना… " ते म्हणाले, मग बाबांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "ऑक्टोबर टाक."

आलं. मेश्राम केवलराम. पास. मी मोबाईल त्यांच्याकडे देणार, तेवढ्यात बाबांनी वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"छप्पन्न? गणितात तुले छप्पन्न?"

"मग! तुह्यापेक्षा दोन जास्त. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा तू म्हणे चौपन्न! म्हणे, दोघाइले सारखेच!"

"तुले वाईट वाटन म्हणून म्हटलं होतं."

"भूमितीचं ते प्रमेय मी शिकवलं होतं तुले! माझ्या प्रमेयावर तू दोन मार्क जास्त घेतले?"

"अबे, प्रमेय तुलेच येत नोतं, वर्तुळाऐवजी त्रिकोण काढून बसला होता तू!"

आठ वर्षांत पहिल्यांदा बोलत होते, आणि मध्ये कोणाला विचारत नव्हते. व्हरांड्यातले लोक आता मात्र वळून पाहायला लागले. ऑक्टोबर, नापास, चौपन्न, छप्पन्न, सगळं मोठमोठ्यानं चाललं होतं. तंबाखूवाला माणूस जवळ येऊन विचारत होता की कोणतं प्रमेय.

मी प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानाकडे पळाले. पाचला पस्तीस मिनिटं होती. त्यांना भांडू दिलं.